अभिप्रायांची छाटणी

दिवाणी न्यायालयातील लिपिकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन मी देवगड तालुक्यातील घरी परतलो, तेव्हा वडिलार्जित हापूसच्या बागेचा कारभार धाकट्या बंधूंच्या हाती होता, आणि लिहिण्यावाचण्याची सवय असलेला माणूस घरात आला आहे हे पाहून त्यांनी ग्राहकांशी होणारा सारा पत्रव्यवहार माझ्या हवाली केला. त्या पत्रव्यवहारात मागणी नोंदविणे, पेटी रवाना झाल्याचे कळविणे, पैशांची पोच देणे अशी नित्याची कामे होतीच; परंतु आंबा खाऊन संतुष्ट झालेल्या ग्राहकाकडून भ्रमणध्वनीवर निरोप पाठवून त्याचा अभिप्राय मागविणे, आणि आलेल्या लांबलचक उत्तरातून पुढील हंगामाच्या पत्रकात छापण्याजोगी दोनचार वाक्ये काढणे, हे जे एक काम त्यांत होते, तेच पुढे माझ्या विशेष आस्थेचा विषय झाले. त्या कामाची रीत आणि त्यातील अडचणी यांविषयी हे लिहीत आहे.

आमच्या आंब्याचा बराचसा भाग पूर्वी वाशीच्या घाऊक बाजारात आडत्याकडे जात असे. तेथे घेणारा माणूस पेटी उघडून, फळ हाताळून, हुंगून भाव करतो, त्यामुळे त्याला दुसऱ्या कोणाच्या साक्षीची गरज पडत नाही. थेट घरी पेटी मागविणाऱ्या ग्राहकाची स्थिती याहून अगदी निराळी असते. तो आगाऊ पैसे भरतो, ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसावर विश्वास टाकतो, आणि पेटी हाती येते तेव्हाही आतील फळ कच्चे असल्यामुळे, आपला निर्णय योग्य ठरला की नाही हे समजण्यासाठी त्याला पुढे आणखी आठवडाभर थांबावे लागते. अशा माणसाला बागायतदाराने स्वतःच्या फळाची केलेली स्तुती निरुपयोगी असते. त्याच्यासारख्याच भीतीने पूर्वी पैसे भरलेल्या दुसऱ्या ग्राहकाला पुढे काय अनुभव आला, एवढेच त्याला हवे असते. म्हणून अभिप्राय कसा असावा याचे उत्तर ग्राहकाच्या त्या भीतीतच आहे असे मी मानतो. ‘उत्तम दर्जा, उत्तम सेवा, धन्यवाद’ असे शब्द कितीही मनःपूर्वक लिहिलेले असले, तरी ते पैठणीच्या दुकानालाही लागू पडतात आणि दंतवैद्यालाही. ज्या वाक्यातून आंबा वगळला तरी ते वाक्य उभे राहते, ते वाक्य आंब्याच्या पत्रकात छापून काहीच साधत नाही. बंधूंच्या जुन्या पत्रकावर अशीच वाक्ये होती, आणि ती खरी असूनही वाचणाऱ्यांना ती घरीच रचलेली वाटत असावीत, असा माझा कयास आहे.

चांगले उत्तर यावयाचे तर पहिली गोष्ट म्हणजे निरोप योग्य वेळी गेला पाहिजे, आणि ही वेळ फळ पिकण्याच्या क्रमावरून ठरते. पेटीत हापूस कच्चा, भाताच्या पेंढ्यात रचून पाठविलेला असतो. पेटी पोचल्याच्या दिवशीच अभिप्राय मागितला, तर ग्राहकाजवळ सांगण्यासारखे काही नसते. ‘पेटी मिळाली’ एवढेच तो लिहितो, आणि एकदा उत्तर देऊन झाले या समजुतीने पुढे गप्प राहतो. तिसऱ्या चौथ्या दिवशी विचारले, तर अर्धी फळे अजून हिरवी असल्यामुळे त्याच्या मनातील साशंकता ऐन भरात असते. उलट महिन्याने विचारले, तर केवळ ‘छान होते’ एवढी गोळाबेरीज शिल्लक राहिलेली असते. किती दिवसांनी वास सुटला, किती फळे खराब निघाली, घरात कोण काय म्हणाले, हा सारा तपशील विरून गेलेला असतो. पेटी पोचल्यापासून आठव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे बहुतेक फळे खाऊन झालेली असून तळाची दोनचार उरलेली असताना विचारणे सर्वांत चांगले, असे अनुभवांती ठरले. हंगामाच्या आरंभी हवा थंड असताना फळ पिकायला अधिक दिवस घेते आणि मे महिन्याच्या उकाड्यात लवकर पिकते, त्यानुसार ही मुदत थोडी पुढेमागे करावी लागते. निरोप प्रत्येकाला स्वतंत्र आणि नावानिशी पाठवावा. व्हॉट्सअॅपवर प्रसारण यादीतून एकगठ्ठा निरोप धाडता येतो खरा, पण ज्याने आपला क्रमांक स्वतःकडे जतन केलेला नाही त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही, आणि ज्याच्यापर्यंत पोचतो त्यालाही तो आपल्या एकट्यासाठी नाही हे पहिल्या ओळीतच कळते. उत्तर आले नाही तर एकदा आठवण द्यावी. दुसऱ्यांदा देऊ नये.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. न्यायालयात सरतपासणीच्या वेळी वकिलाने साक्षीदाराला सूचक प्रश्न घातला, की विरुद्ध पक्षाची हरकत ठरलेली, कारण ज्या प्रश्नाच्या पोटातच इच्छित उत्तर दडलेले असते, त्या प्रश्नाला मिळालेले उत्तर साक्षीदाराचे नसून वकिलाचे असते. ‘आंबे गोड होते ना?’ हा असाच प्रश्न आहे, आणि त्याला येणारे ‘हो, फार गोड होते’ हे उत्तर म्हणजे आपलेच शब्द आपल्याकडे परत आलेले असतात. ‘आपला अभिप्राय कळवावा’ हे वाक्य सूचक नाही, पण ते इतके मोकळे आहे की वाचणाऱ्याला शाळेतील निबंधाची आठवण होते आणि तो एक तर औपचारिक भाषेत शिरतो, किंवा उत्तर देण्याचेच टाळतो. यासाठी बऱ्याच फेरफारांनंतर मी जो मजकूर कायम केला, तो असा:

‘नमस्कार ताई. पाच डझनांची पेटी आता संपत आली असेल. सवडीने दोन गोष्टी कळवाल का? पेटी मागविण्यापूर्वी मनात काही शंका होती का, आणि पेटी उघडल्यापासून आजपर्यंत काय काय झाले? एखादे फळ खराब निघाले असल्यास तेही अवश्य सांगा, त्याचे पैसे परत करू. तुमच्या शब्दांतील काही भाग पत्रकात छापावासा वाटला, तर आधी तुम्हांला दाखवून मगच छापू.’

यातील पहिला प्रश्न भूतकाळातील भीतीला वाचा फोडतो. आणि पुढचा ग्राहक नेमका त्याच भीतीच्या पायरीवर उभा असल्यामुळे ती वाचा त्याच्या उपयोगी पडते. दुसरा प्रश्न मत विचारीत नाही, घडलेला वृत्तांत विचारतो, आणि वृत्तांत सांगताना माणूस आपसूकच वार, संख्या, घरातील माणसे यांचा उल्लेख करतो. खराब फळाविषयीचे वाक्य बंधूंना प्रथम रुचले नाही. आपण होऊन तक्रार मागवून घेणे त्यांना व्यापारदृष्ट्या गैर वाटले. परंतु ज्याला दोष सांगण्याची मुभा दिलेली आहे, त्याने केलेल्या प्रशंसेलाच किंमत असते, ही माझी धारणा तीस वर्षांच्या नोकरीत बनलेली होती आणि ती मी सोडली नाही.

उत्तरे नाना प्रकारची येतात. कोणी केवळ उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र पाठवितात. त्याचा अर्थ आपण शब्दांत मांडून त्यांच्या नावावर घालणे ही बनवाबनवी होय, म्हणून त्यांचे आभार मानून विषय तेथेच संपवावा. वडीलधारी मंडळी बहुधा टंकलेखन टाळून आवाजी निरोप पाठवितात, आणि छापण्याच्या दृष्टीने तेच सर्वांत संपन्न असतात. मात्र ते ऐकताना प्रथम अक्षरशः उतरवून घ्यावे आणि मग छाटणीला बसावे, कारण ऐकता ऐकता मनातल्या मनात केलेली छाटणी पुढे तपासता येत नाही. पुष्कळ तरुण माणसे मराठी मजकूर रोमन लिपीत लिहितात. तो देवनागरीत आणताना शब्द बदलत नाहीत, म्हणून त्यात मला आक्षेपार्ह काही वाटत नाही. बंगळूरहून किंवा परदेशस्थ मुलांकडून इंग्रजीत आलेले उत्तर मराठीत छापावयाचे असेल, तर मात्र ते भाषांतर आहे हे खाली नमूद करणे मला आवश्यक वाटते.

आता एक उत्तर समग्र देतो. ते पुण्याच्या एका गृहिणीचे असून, त्यांच्या संमतीने येथे उद्धृत केले आहे.

‘नमस्कार काका. पेटी मंगळवारी मिळाली. खरं सांगू का, जरा घाबरतच मागवली होती, कारण मागच्या वर्षी दुसऱ्या एकांकडून घेतलेले आंबे वरून पिवळेधमक आणि आतून आंबट निघाले होते. तुमचे आले तेव्हा सगळे हिरवेच होते. आमचे हे म्हणाले, हे पिकणार कधी आणि आपण खाणार कधी. पण तुमच्या चिठ्ठीप्रमाणे पेंढ्यात पसरून ठेवले आणि पाचव्या दिवसापासून घरभर घमघमाट सुटला. साठातले तीन आतून पांढरे निघाले, त्याचे तुम्ही लगेच पैसे परत केलेत. बाकी अप्रतिम. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांनी रोज एक खाल्ला पण साखर अजिबात वाढली नाही. कुरिअरवाल्याने पेटी दारात आपटली, त्याला जरा सांगा. अस्सल देवगडच खाल्ला असं वाटलं. सोसायटीत सगळ्यांना तुमचं नाव सांगितलंय. पुढच्या वर्षी आधीच सांगून ठेवते.’

हा मजकूर शंभर शब्दांच्या आसपास आहे, आणि आमच्या पत्रकावर एका अभिप्रायाला तीसेक शब्दांपलीकडे जागा नाही. तेव्हा सुमारे सत्तर शब्द जावयाचे, हे ठरलेलेच. प्रश्न एवढाच की कोणते. घाईने काम करणारा माणूस ‘घरभर घमघमाट सुटला. अप्रतिम. अस्सल देवगड’ एवढे उचलील, आणि प्रत्येक शब्द बाईंचाच असल्यामुळे आपण काही खोटे केले असे त्याला वाटणारही नाही. परंतु बाईंनी ‘बाकी अप्रतिम’ असे लिहिले आहे. म्हणजे तीन फळे वगळून उरलेल्यांविषयी त्यांचे ते मत आहे. ‘बाकी’ गाळले की अपवाद नाहीसा होतो आणि सत्तावन्न फळांची प्रशस्ती साठांना लागू होते. छाटणीने असत्य निर्माण होते ते या मार्गाने: एकही शब्द न बदलता, केवळ दोन शब्दांमधील नाते तोडून. म्हणून उत्तर हाती आल्यावर मी प्रथम ‘पण’, ‘बाकी’, ‘मात्र’, ‘फक्त’, ‘तरी’ या अव्ययांखाली रेघ ओढतो, आणि यांपैकी एखादे अव्यय गळत असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंचा मजकूर मुळाबरहुकूम आहे की नाही हे पुन्हा वाचून पाहतो.

त्यानंतर प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावयाचा: ही गोष्ट या साक्षीदाराला स्वतः ठाऊक आहे काय? पेटी आली तेव्हा फळे हिरवी होती, पाचव्या दिवशी वास सुटला, तीन पांढरी निघाली, पैसे परत मिळाले, हे सारे बाईंच्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. ‘अस्सल देवगड’ ही गोष्ट मात्र चवीवरून त्यांना वाटलेली आहे. फळ कोणत्या मातीतले आहे याची शाबिती खाणाराने देण्याची नसून विकणाराने देण्याची आहे. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असल्यामुळे, ती बाब नोंदणीच्या कागदपत्रांनी सिद्ध करता येते आणि त्याच मार्गाने ती पत्रकात सांगावी. ग्राहकाच्या तोंडून ती वदवून घेणे अप्रस्तुत होय. म्हणून ते वाक्य गेले.

सासूबाईंच्या साखरेचे वाक्य हे या निरोपातील सर्वांत आकर्षक, आणि म्हणूनच सर्वांत घातक वाक्य. असे वाक्य छापले असते, तर मधुमेहाच्या भीतीने आंबा वर्ज्य केलेल्या कितीतरी घरांतून मागणी आली असती यात मला शंका नाही. परंतु एका वृद्ध स्त्रीच्या तपासणीत त्या आठवड्यात काय आढळले, तिचे औषध कोणते, आंब्याबरोबर तिने पोळी किती कमी खाल्ली, यांतले आपणास काहीच माहीत नाही. आणि ते वाचून दुसऱ्या कोणी रोज एक आंबा खाल्ला व त्याला अपाय झाला, तर त्या अपायाचे मूळ आमच्या पत्रकात असेल. अन्नपदार्थांच्या जाहिरातींविषयीचे जे विनियम २०१८ साली झाले, त्यांनीही पदार्थाच्या अंगी रोग टाळण्याचे वा बरा करण्याचे गुण असल्याचा दावा करण्यास प्रतिबंध केलेला आहे. ग्राहकाने प्रामाणिकपणे लिहिले असले, तरी छापले की ते विक्रेत्याचे विधान होते. त्याविषयी बाईंना मी वेगळा निरोप लिहून, सासूबाईंच्या पथ्याबाबत डॉक्टरांनाच विचारावे असे सुचविले.

मागच्या वर्षीच्या दुसऱ्या विक्रेत्याचा उल्लेखही मी काढला. त्याचे नाव निरोपात नव्हते, तरीही आपला माल थोर दिसावा म्हणून दुसऱ्याच्या मालाची नालस्ती ग्राहकाच्या आडून करणे मला प्रशस्त वाटत नाही. याची किंमत मात्र मोजावी लागली, कारण ‘घाबरतच मागवली होती’ हे मौल्यवान शब्द त्याच वाक्यात होते, आणि कारणावाचून भीती छापली तर ती भीती आमच्याविषयी होती असा समज झाला असता. सुदैवाने ‘सगळे हिरवेच होते’ या वाक्यात ती साशंकता दुसऱ्या रूपाने शिल्लक होती, आणि हिरवी पेटी पाहून मन खट्टू होणे हा तर प्रत्येक नव्या ग्राहकाचा अनुभव असतो. कुरिअरची तक्रार बंधूंनी त्या कंपनीकडे नेली. पत्रकात तिचे स्थान नव्हते.

अशा रीतीने जे उरले, ते असे: ‘तुमचे आले तेव्हा सगळे हिरवेच होते. … पण तुमच्या चिठ्ठीप्रमाणे पेंढ्यात पसरून ठेवले आणि पाचव्या दिवसापासून घरभर घमघमाट सुटला. साठातले तीन आतून पांढरे निघाले, त्याचे तुम्ही लगेच पैसे परत केलेत. बाकी अप्रतिम.’ मधल्या तीन टिंबांनी यजमानांचे वाक्य गाळले गेल्याची खूण ठेवली आहे. वाक्यांचा क्रम मुळातलाच आहे. क्रम बदलण्याचा मोह फार होतो, कारण ‘अप्रतिम’ हा शब्द आरंभी आला तर दृष्टी चटकन वेधली जाते, परंतु घडल्या क्रमाने सांगितलेल्या वृत्तांताला जी विश्वसनीयता असते ती क्रम उलटताच नष्ट होते. शुद्धलेखनाच्या आणि टंकनाच्या चुका निःशंकपणे दुरुस्त कराव्यात, कारण त्या छापणे हा लिहिणाऱ्याचा उपमर्द आहे. पण ‘खरं’, ‘सांगितलंय’ अशी बोलण्यातील रूपे ग्रांथिक करू नयेत. ‘घमघमाट’ या शब्दाच्या जागी मी ‘सुगंध’ लिहिले असते, तर त्या ओळीतून ती बाई उठून गेली असती आणि तेथे मी येऊन बसलो असतो. न्यायालयात प्रश्नोत्तरांतून जबाब कथनरूपाने लिहून घेताना प्रश्न गाळण्याची मुभा असते, पण उत्तरात भर घालण्याची नसते. अभिप्रायाच्या बाबतीत मी तेच पथ्य पाळतो. संपादकाला फक्त वगळण्याचा अधिकार आहे. एखादा जोडशब्द घातल्यावाचून अर्थ लागतच नसेल, तर तो शब्द आपण होऊन न घालता ग्राहकालाच विचारून घ्यावा.

कच्चा मसुदा बंधूंना दाखविला, तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, “दादा, तीन आंब्यांत साका निघाला हे आपणच छापायचं? गिऱ्हाईक पळून जाईल.” त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. हापूसच्या गरात जो पांढरट, नरम, बेचव भाग होतो आणि ज्याला आपण साका म्हणतो, तो बाहेरून दिसत नाही. निष्णात बागायतदारालाही फळ कापल्याखेरीज तो खात्रीने ओळखता येत नाही. परंतु ज्याने चार वर्षे हापूस खाल्ला आहे, त्याने साकाही पाहिलेला असतो. आमच्या पेटीत साका निघणारच नाही असे त्याला कोणी सांगितले, तर तो सांगणाराच त्याला अविश्वसनीय वाटेल. त्याला खरोखर हवी असते ती ही हमी, की साका निघाला तर माझे पैसे बुडणार नाहीत. ती हमी बंधूंनी स्वतः कितीही ठळक अक्षरांत छापली असती, तरी ज्या बाईंना ते पैसे प्रत्यक्ष परत मिळाले त्यांच्या एका वाक्याइतके वजन तिला आले नसते. बराच वेळ वाद झाल्यावर त्यांनी मान्यता दिली, आणि पुढील हंगामात फोनवर चौकशी करणाऱ्यांपैकी कित्येकांनी प्रथम त्या वाक्याचाच उल्लेख केला, हे त्यांनीच मला येऊन सांगितले.

मात्र छापण्यापूर्वी एक टप्पा उरला होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. साक्षीदाराचा जबाब लिहून पूर्ण झाला की तो त्याला वाचून दाखवावा, आणि त्याने काही दुरुस्ती सांगितल्यास ती नोंदवावी, असा फौजदारी प्रक्रिया संहितेत दंडक होता; १९७३ च्या संहितेचे २७८ वे कलम त्यासाठीच होते. छाटलेला मजकूर मी तसाच बाईंना पाठविला, आणि तीन गोष्टी विचारल्या: मजकूर तुमच्या म्हणण्याप्रमाणे आहे ना, नाव कसे छापावे, आणि छापील पत्रकाखेरीज तो निरोपातून इतर ग्राहकांना पाठविण्यास तुमची हरकत नाही ना. ‘हरकत नसल्यास उत्तर देण्याची गरज नाही’ असे लिहिण्याची एक सोयीची पद्धत आहे. ती मी कटाक्षाने टाळतो, कारण मौन म्हणजे संमती नव्हे.

बाईंचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ‘सगळं बरोबर आहे काका, पण तीन नाही, चार. तळाचा एक नंतर कापला तोही पांढरा होता. एकासाठी काय कळवायचं म्हणून राहिलं. नाव नको, नुसतं पुणे लिहा.’ यातून एक बारीक पेच उत्पन्न झाला. आकडा चार करावा हे उघडच होते. परंतु चार फळांचे पैसे ‘लगेच’ परत मिळाले हे विधान त्या घटकेला खरे नव्हते, कारण चौथ्याचे पैसे द्यावयाचेच होते. बंधूंनी ते त्याच दिवशी पाठविले. त्यानंतर दुरुस्त वाक्य मी पुन्हा त्यांच्याकडे धाडले, आणि चौथे फळ त्यांनी उशिरा कळविले असूनही ‘लगेच’ हा शब्द ठेवावा की काढावा हे त्यांनाच विचारले. ‘कळवल्यावर लगेच’ असे करा, असे त्यांनी लिहिले. जोडलेला तो एक शब्द त्यांचा आहे, माझा नाही. आणि मूळ निरोपापेक्षा तो अधिक अचूक आहे.

अभिप्रायाच्या मोबदल्यात पुढील पेटीवर सवलत द्यावी, अशी सूचना आम्हांला अनेकांनी केली. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांप्रमाणे शिफारस करणाराचे मत प्रामाणिक, अलीकडचे आणि पुरेशा माहितीवर वा अनुभवावर आधारलेले असावे लागते, आणि विक्रेत्याशी त्याचा काही आर्थिक संबंध असल्यास तो उघड करावा लागतो. सवलत दिली तर तसे प्रत्येक अभिप्रायाखाली छापावे लागेल, आणि तसे छापल्यावर अभिप्रायाला काही किंमत उरणार नाही. म्हणून आम्ही ती देत नाही. खराब फळाचे पैसे परत करणे हे अभिप्रायाशी निगडित नसते. अभिप्राय न देणारालाही ते मिळतात. ‘अलीकडचे’ या अटीला आमच्या धंद्यात विशेष अर्थ आहे, कारण दर वर्षीचा मोहोर, दर वर्षीचा पाऊस आणि म्हणून दर वर्षीचे फळ निराळे असते. यास्तव प्रत्येक अभिप्रायाखाली गावाबरोबर हंगामाचे सालही छापतो, आणि दोन हंगामांपूर्वीचा अभिप्राय, तो कितीही सुंदर असला तरी, पत्रकातून काढून टाकतो.

या सर्वांची एक नोंदवही आहे. डाव्या पानावर मूळ निरोप शब्दशः, उजव्या पानावर छाटलेला मजकूर, खाली संमतीची तारीख आणि नाव कसे छापावे याविषयी ग्राहकाने दिलेली सूचना, आणि शेवटी शेऱ्यासाठी मोकळी जागा. कोणी पुढे संमती मागे घेतली, तर शेऱ्यात तशी नोंद करून तो अभिप्राय पुढील पत्रकातून वगळला जातो; तसे करणाराला कारण विचारीत नाही. नोंदवहीत असे काही अभिप्राय आहेत की ज्यांच्या तोडीचे वाक्य पत्रकावर एकही नाही, पण लिहिणाराने छापण्यास नकार दिला, किंवा विचारलेल्या निरोपाला उत्तरच दिले नाही. ते तेथेच राहतील.

वाचकांपैकी जे कोणी अशा लहान बागायतदारांकडून, घरगुती मसालेवाल्यांकडून किंवा विणकरांकडून वस्तू मागवीत असतील, त्यांना एक विनंती करावीशी वाटते. तुम्हांला असा निरोप आला, तर ‘छान’ एवढ्यावर थांबू नका. मागविताना कशाची धास्ती वाटली, कोणत्या दिवशी काय घडले, किती नग खराब निघाले, हे जसे बोलता तसे लिहा, आणि छापण्यापूर्वी मजकूर मला दाखवा असे खाली स्पष्ट नमूद करा.